प्रलंबित, पण कोणाकडे?

हिंगणघाटात कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या ऑफिसचा फोन सकाळी साडेआठलाच वाजतो. पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, त्या क्लेमचं काय झालं?" मी एका विमा सल्लागाराच्या ऑफिसात क्लेमचं टेबल सांभाळते. जिनिंगवाले, दालमिलवाले, ट्रान्सपोर्टवाले असे आमचे ग्राहक. त्यातला सगळ्यात मोठा एक लॉजिस्टिक्सवाला. स्वतःच्या चौदा गाड्या, हंगामात भाड्याच्या वेगळ्या, आणि जामच्या अलीकडे एक गोदाम. त्याला दर पंधरा दिवसांनी सोमवारी स्टेटस रिपोर्ट जातो. कोणते क्लेम उघडे आहेत, कोणते कागद बाकी आहेत, पैसा कुठल्या टप्प्यावर अडलाय. दोन पानांचं काम. याच दोन पानांत माझ्या हातून ग्राहकाचे नव्वद हजार गेले. ते कसे गेले हे लिहिते, कारण या टेबलावर नवीन बसणारा प्रत्येक जण त्याच खड्ड्याच्या काठावरून चालत असतो आणि त्याला खड्डा दिसत नाही. मलाही अकरा रिपोर्ट दिसला नव्हता.

सर्वेअर कोण, बिल्टी काय, एक्सेस कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ठाऊक नसेल तर आठवडाभर कोणाच्या तरी शेजारी बसा, समजेल.

टेबल माझ्याकडे आलं तेव्हा त्यासोबत आधीच्या माणसाची एक एक्सेल फाइल आली. हिरवा, पिवळा, लाल असे रंग. क्लेम नंबर, घटनेची तारीख, मागणीची रक्कम, बाकी कागद, सद्यस्थिती. सद्यस्थितीच्या रकान्यात तीनच शब्द फिरायचे. प्रलंबित, प्रक्रियेत, मंजुरीसाठी. मला ती फाइल फार आवडली होती, हे लपवत नाही. रिपोर्ट अर्ध्या तासात व्हायचा. मागचा उघडायचा, तारीख बदलायची, एखादी ओळ पिवळ्याची हिरवी करायची, पाठवायचा. आता माझं मत असं झालंय की आयता साचा म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून बघणं. दिसतं, पण डोकं दुखतं आणि पायरी चुकते.

2024 च्या जानेवारीत या ग्राहकाचे चार क्लेम उघडे होते. एक, गुंटूरला गेलेल्या कापसाच्या गाठी ओल्या झाल्याचा. दोन, वडकीजवळ हायवेवर त्यांच्याच एका ट्रकचा अपघात, त्याच्या दुरुस्तीचा. तीन, पांढरकवड्याच्या अलीकडे रात्री ढाब्यावर उभ्या गाडीतून तूरडाळीचे कट्टे चोरीला गेले त्याचा. चार, जुन्या अपघातात जखमी झालेल्या माणसाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावलेला. चारही एकाच तक्त्यात, एकाखाली एक. चारही पिवळे.

आता गाठींचा किस्सा, कारण सगळं त्यातच आहे.

शंभर गाठी होत्या. एक गाठ साधारण 170 किलोची, म्हणजे एका दहाचाकीचा पूर्ण माल. ग्राहकाची स्वतःची गाडी मोकळी नव्हती म्हणून त्याने दुसऱ्या ट्रान्सपोर्टरची गाडी लावली. बिल्टी त्या ट्रान्सपोर्टरची फाटली, माल पाठवणार म्हणून नाव आमच्या ग्राहकाचं. विमा जिनिंगवाल्याच्या आणि ग्राहकाच्या संयुक्त नावावर. बिल्टीची तारीख 28 नोव्हेंबर 2023. पण गाडी त्या दिवशी निघालीच नाही. क्लच प्लेट गेली होती. माल भरून गाडी चार दिवस जिनिंगच्या आवारात उभी राहिली आणि 2 डिसेंबरला सुटली. 5 डिसेंबरला मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटल्याजवळ किनाऱ्यावर आलं. गुंटूर तिथून लांब नाही. गाडी पावसात सापडली, ताडपत्री एका कोपऱ्यातून फाटलेली होती, आणि 6 तारखेला सूतगिरणीत माल उतरला तेव्हा बिल्टीच्या प्रतीवर गिरणीवाल्याने लिहिलं: "32 गाठी ओल्या, तपासणी अधीन."

दोन दिवसांत तिकडचा सर्वेअर जाऊन आला. तोवर सगळं नीट होतं. आमची सूचना वेळेत, फोटो भरपूर, बिल्टीवर शेरा. मी खूश होते. 8 जानेवारीच्या रिपोर्टात लिहिलं, "सर्व्हे पूर्ण. बाकी कागद: गिरणीची डेबिट नोट, ट्रान्सपोर्टरवरील क्लेम पत्र, सब्रोगेशन पत्र, मूळ बिल. स्थिती: प्रलंबित."

हे वाक्य पुन्हा वाचा. चार कागद आहेत, चौघांमध्ये स्वल्पविराम आहे, आणि चौघं सारखेच दिसतात. डेबिट नोट उशिरा आली तर पैसे उशिरा येतील, बस. सब्रोगेशन पत्र म्हणजे विमा कंपनीने भरपाई दिल्यावर ट्रान्सपोर्टरकडून वसुलीचा हक्क कंपनीला देणारं पत्र. ते तर शेवटीच लागतं. मूळ बिल फायलीत कुठेतरी असतंच. पण ट्रान्सपोर्टरवरच्या क्लेम पत्राला मरणाची तारीख असते. ती उलटली की तो कागद आणून उपयोग नाही, आणि इतर तीन कागदांना अशी तारीख नाही. माझ्या रिपोर्टात त्या तारखेचा मागमूस नव्हता.

कायदा असा आहे. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007, कलम 16. मालाचं नुकसान झालं किंवा माल हरवला तर ट्रान्सपोर्टरवर दावा लावायच्या आधी त्याला लेखी नोटीस मिळालेली असली पाहिजे, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. बुक केल्याच्या. पोहोचल्याच्या नाही, नुकसान कळल्याच्या नाही, सर्वेअर गेल्याच्या नाही. ही नोटीस वेळेत गेली नाही तर विमा कंपनीला नंतर त्या ट्रान्सपोर्टरकडून वसुली करता येत नाही. आणि वसुलीचा रस्ता तुमच्यामुळे बंद झाला, तर कंपनी त्याचा भार तुमच्या क्लेमवर टाकते.

मग मी कुठून मोजत होते? माल उतरल्याच्या तारखेपासून. का, तर फाइल तशी होती. आधीच्या माणसाने जुन्या सवयीने ती बनवली होती. 1865 चा जुना कॅरिअर्स अ‍ॅक्ट होता त्यात नुकसान कळल्यापासून सहा महिने अशी मोजणी होती. नवा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू झाला, मोजणीची सुरुवात बदलली, पण माणसांच्या डोक्यात आणि एक्सेलच्या रकान्यात जुनाच हिशोब राहिला. माझ्या फाइलमध्ये सूत्र होतं ते हे:

```
=EDATE(C2,6)
```

C रकाना म्हणजे माल पोहोचल्याची तारीख. उत्तर यायचं 6 जून 2024. मी त्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवला. एका सूत्रात दोन चुका होत्या. रकाना चुकीचा, आणि सहा महिने म्हणजे 180 दिवस हेही चूक.

मोजून दाखवते, कारण मला कोणी दाखवलं नव्हतं. 28 नोव्हेंबरनंतर नोव्हेंबरचे उरले 2 दिवस. डिसेंबरचे 31 धरले की झाले 33. जानेवारी संपली की 64. 2024 लीप वर्ष, फेब्रुवारीचे 29, म्हणजे 93. मार्चअखेर 124, एप्रिलअखेर 154. उरले 26. शेवटचा दिवस 26 मे 2024. त्या दिवशी रविवार होता. नोटीस नुसती टाकायची नसते, पोहोचवायची असते, म्हणजे खरं तर त्याच्याही चार-पाच दिवस आधी ती पोस्टात पडायला हवी होती. सहा महिन्यांनी मोजलं असतं तरी 28 मे आलं असतं, दोन दिवस उशीरच.

आता मी एवढी शहाणी होते तर पत्र जानेवारीतच का नाही पाठवलं? याचं उत्तर लाजिरवाणं आहे. मला वाटलं ग्राहक पाठवेल. पत्र त्याच्या लेटरहेडवर जायचं होतं, सही त्याची. ग्राहकाच्या दिवाणजींना वाटलं आम्ही पाठवलं, कारण रिपोर्ट आमचा, काम आमचं. दर सोमवारी मी त्यांना लिहीत होते "क्लेम पत्र प्रलंबित" आणि दर सोमवारी ते वाचत होते की ताई त्याच्या मागे लागल्या आहेत. त्या वाक्यात करणारा माणूसच नव्हता. आणखी एक कारण म्हणजे मी सर्वेअरच्या आकड्याची वाट बघत होते. गिरणीने गाठी उघडून, वाळवून, पुन्हा प्रत ठरवायला एप्रिल उजाडवला. आकडा नसताना पत्रात किती रकमेची मागणी करायची, असं मला वाटत होतं. चूक. नोटिशीत अंदाजे रक्कम चालते. "अंदाजे 8,32,000 रुपये, अंतिम आकडा सर्वेअरच्या अहवालानुसार कळवू," एवढं लिहिलं तरी पुरतं. आकडा नंतर कळवता येतो, तारीख मागे घेता येत नाही.

13 मेच्या रिपोर्टनंतर मला जाग आली. 6 जून जवळ आलंय असं वाटलं. दिवाणजींना फोन केला.

"काका, ट्रान्सपोर्टरवरचं पत्र गेलं का?"

"आमाले काय मालूम ताई. मले वाटलं तुमीच पाठवलं असन."

मसुदा मी केला. सेठ लग्नाला अकोल्याला गेले होते, सही अडली. 27 मेला सोमवारी रिपोर्ट गेला, त्यात मी ऐटीत लिहिलं: "क्लेम पत्राची मुदत 6 जून, पत्र या आठवड्यात जाईल." मुदत आदल्या दिवशी संपलेली होती. 30 मेला गुरुवारी पत्र पोस्टात पडलं आणि 1 जूनला पोहोचलं.

त्याच गुरुवारी दुपारी आमच्याकडे एक निवृत्त सर्वेअर काका येतात ते आले. कूलरसमोर बसून चहा घेतात, जुन्या जळीताच्या गोष्टी सांगतात, जातात. मी पोस्टाची पावती दाखवली. त्यांनी पावती बघितलीच नाही. म्हणाले, "बिल्टी कवाची हाय?" मी बिल्टी काढली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं एकेक करत उलटी मोजली, नोव्हेंबरपर्यंत गेले, चष्मा काढला. "चार दिवस गेले ना बाई," एवढंच बोलले आणि राहिलेला चहा संपवला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत. तुम्हाला जो माणूस साचा देतो तो गुरू नाही. जो पावती बाजूला सारून बिल्टी मागतो तो गुरू. आमच्या धंद्यात असे लोक बहुतेक निवृत्त असतात, पगार मागत नाहीत, चहा मागतात. पाजा.

विमा कंपनीचं पत्र जुलैत आलं. हिशोब असा होता. 32 गाठींची किंमत 26,000 रुपयांनी 8,32,000. त्यातल्या ज्या गाठी गिरणीने कमी भावात ठेवून घेतल्या आणि ज्या भिजका माल म्हणून विकल्या त्यांचे मिळून 4,59,000. निव्वळ नुकसान 3,73,000. पॉलिसीत एक्सेस मालाच्या एकूण किमतीच्या अर्धा टक्का होता. शंभर गाठींचे 26 लाख, त्याचे 13,000. राहिले 3,60,000. आणि मग एक ओळ, की वाहतूकदाराविरुद्धचा वसुलीचा हक्क अबाधित न राखल्यामुळे दावा नॉन-स्टँडर्ड धरून 75 टक्क्यांवर निकाली काढत आहोत. म्हणजे 2,70,000. नव्वद हजार गेले.

सेठ माझ्यावर चिडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या अकरा रिपोर्टात हे एकदाबी काहून नव्हतं?" मी सगळे रिपोर्ट काढून बघितले. अकराच्या अकरा. होतं, पण "प्रलंबित" या शब्दाखाली पुरलेलं होतं.

घाबरवायला हे लिहीत नाही. खरं सांगू तर यातून सुटायचा रस्ता फार सोपा आहे. माल खराब झाल्याची बातमी आली त्याच दिवशी, रक्कम अंदाजे घालून, नोटीस पाठवा. एवढंच. ट्रान्सपोर्टरशी संबंध बिघडतील म्हणून ग्राहक नको म्हणतो, तेव्हा त्याला सांगायचं की ही भांडणाची नोटीस नाही, विम्याचा कागद आहे. बहुतेक ट्रान्सपोर्टरांनाही ते कळतं. नोटीस ज्याची बिल्टी त्याच्या नावाने, बिल्टीवर छापलेल्या बुकिंग ऑफिसला आणि मुख्य ऑफिसला, दोन्हीकडे. आमच्या वेळी बुकिंग ऑफिसचा पत्ता जाम चौकातला होता आणि तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, हे मला पत्र परत आल्यावर कळलं. मुख्य ऑफिसच्या पत्त्यावर गेलेलं तेवढं पोहोचलं. पत्रात बिल्टी नंबर, बुकिंगची तारीख, गाठींची संख्या, काय बिघडलं, अंदाजे रक्कम आणि कलम 16 चा उल्लेख. पावती, ट्रॅकिंगचा प्रिंट आणि पोच, तिन्ही फायलीत. ट्रकमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, बिल्टीवर शेरा मारला, ट्रान्सपोर्टरचा माणूस सर्व्हेला हजर होता, यातल्या कशावरही भिस्त ठेवू नका. मी ही तिन्ही कारणं विमा कंपनीला लिहून पाहिली आहेत.

दिवाणजी अजून म्हणतात, "कोर्टात जायाले तर तीन वर्षं असतात ना." असतात, पण ती दावा लावायची मुदत. नोटिशीची मुदत तिच्या पोटात वेगळी आहे आणि ती आधी संपते. माल रेल्वेने गेला तर रेल्वे अ‍ॅक्ट, 1989 चं कलम 106 लागतं. तिथे सहा महिने, पण तेही माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून. दोन्हीकडे घड्याळ माल सोपवल्याच्या क्षणी सुरू होतं, हे लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आता माझ्या फाइलमध्ये B रकाना बुकिंगच्या तारखेचा आहे आणि दोन सूत्रं आहेत:

```
=B2+180
=B2+45
```

पहिलं कायद्याची शेवटची तारीख. दुसरं माझी. पंचेचाळीसाव्या दिवशी पोच फायलीत नसेल तर ती ओळ रिपोर्टात सगळ्यात वर जाते, रक्कम कितीही लहान असो.

रंग मी काढून टाकले. ग्राहक रिपोर्ट मोबाईलवर वाचतो, शेतातून किंवा गाडीत बसून, त्याला रंग दिसत नाहीत, पहिल्या दोन ओळी दिसतात. तक्ता अजून आहे, पण शेवटी जोडलेला. वर प्रत्येक क्लेमचे तीन-चार वाक्यांत गद्य. गाठींच्या क्लेमचा जानेवारीतला मजकूर मी आज लिहिला असता तर असा लिहिला असता:

"गुंटूर, 32 ओल्या गाठी. सर्व्हे 8 डिसेंबरला झाला. सर्वेअर गिरणीच्या प्रतवारीची वाट बघत आहेत, ती फेब्रुवारीआधी येईल असं गिरणी म्हणत नाही. आपल्याकडून एकच काम, आणि ते तातडीचं: ट्रान्सपोर्टरला नोटीस. मसुदा सोबत जोडला आहे. सेठजींची सही शुक्रवारपर्यंत हवी, पोस्टात मी टाकते. कायद्याची शेवटची तारीख 26 मे, पण तोवर थांबायचं नाही. ही नोटीस गेली नाही तर क्लेमची रक्कम कापली जाऊ शकते. बाकी कागदांची आज घाई नाही."

यात बघा, प्रत्येक कामाला माणूस आहे. सही सेठजींची, पोस्ट माझं, प्रतवारी गिरणीची. "प्रलंबित" हा शब्द मी आता वापरत नाही. वापरायची सवय अजून हाताला आहे, म्हणून रिपोर्ट पाठवायच्या आधी फाइलमध्ये तो शब्द शोधते आणि सापडला की तिथे माणसाचं नाव टाकते. गंमत म्हणजे पहिल्यांदा शोधला तेव्हा निम्म्या ठिकाणी ते नाव माझंच निघालं.

बाकीचे तीन क्लेम थोडक्यात, कारण तिथे मुद्दा वेगळा आहे: ग्राहकाला टप्पा सांगताना काय कबूल करायचं आणि काय नाही.

वडकीच्या ट्रकचा क्लेम सरळ होता. अडलं होतं ते ड्रायव्हरच्या लायसनच्या पडताळणीवर. लायसन दुसऱ्या राज्यातलं, तिकडच्या आरटीओकडून खातरजमा यायची होती. मी दर वेळी "15 दिवसांत अपेक्षित" लिहायची, आणि दर पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुढे ढकलायची. दुसऱ्याच्या ऑफिसातल्या कागदाला आपण तारीख द्यायची नाही. आपण कधी विचारलं आणि पुन्हा कधी विचारणार, हे लिहायचं. "सर्वेअरला 12 तारखेला फोन केला, पडताळणी आलेली नाही, 20 ला पुन्हा करते." यावर ग्राहक कधीच चिडत नाही. खोट्या तारखेवर मात्र बरोबर चिडतो, आणि त्याने त्या तारखेवर गॅरेजवाल्याला शब्द दिलेला असतो.

तूरडाळीच्या चोरीत एफआयआर झाला होता, माल सापडला नव्हता. तिथे विमा कंपनी शेवटी पोलिसांची "अ समरी" मागते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागत नाही असा अहवाल, तोही कोर्टाने मंजूर केलेला. ठाण्याला रोज फोन करून तो लवकर येत नाही. मी ग्राहकाला स्पष्ट लिहिलं की हा क्लेम यंदाच्या हंगामात सुटेल असं धरू नका, रोखीच्या हिशोबात घेऊ नका. त्याला वाईट वाटलं. पण पुढे त्याने याबद्दल विचारणं बंद केलं, आणि तो वेळ मला गाठींच्या कामाला मिळाला असता, जर मी हे जानेवारीत लिहिलं असतं.

न्यायाधिकरणातला दावा मी तक्त्यातून काढून वेगळ्या पानावर टाकला. तो ग्राहकाला मिळणारा पैसा नाही, त्याच्याविरुद्धचा दावा आहे. चारही एका तक्त्यात असल्यामुळे सेठजी बेरीज करताना त्यातली रक्कमही येणाऱ्या पैशात धरत होते. हसू नका. तक्ता तसाच सांगत होता.

आकड्यांबद्दल एकच गोष्ट. मागणीची रक्कम आणि मिळणारी रक्कम शेजारी शेजारी लिहायची नाही, जोवर सर्वेअरचा अंतिम अहवाल हातात नाही. ग्राहक 8,32,000 वाचतो आणि त्यावर बँकेत बोलून येतो. भिजका माल विकून आलेले पैसे आणि एक्सेस वजा होणार हे त्याला माहीत असतं, पण वाचताना आठवत नाही. मी आता मागणीच्या रकमेखाली लगेच लिहिते, "यातून किमान हे दोन वजा होतील," आणि थांबते. आणि डिस्चार्ज व्हाउचर आलं की ते ग्राहकाकडे नुसतं सहीसाठी पाठवायचं नाही. "पूर्ण व अंतिम" या शब्दांवर बोट ठेवून फोन करायचा. 2,70,000 च्या व्हाउचरवर सेठजींनी दोन मिनिटांत सही केली, कारण सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता आणि पैसे हवे होते. मी त्यांना हरकत नोंदवून सही करा म्हणाले असते तर काही वेगळं झालं असतं की नाही, सांगता येत नाही. पण मी म्हणालेच नाही, कारण तेव्हा मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटत होती. लाजेमुळे फोन टाळणं हीही एक चूकच, आणि नवीन माणूस ती सगळ्यात आधी करतो.

ग्राहक अजून आमच्याकडेच आहे. गेल्या हंगामात आदिलाबादजवळ त्यांनी लावलेली एक भाड्याची गाडी उलटली, सरकीच्या पोत्यांची. दिवाणजींचा फोन सकाळी सातला आला. मी अजून घरीच होते, भाकरी तव्यावर. "ताई, गाडी पलटी झाली," ते म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आधी स्वतःच पुढे बोलले, "बिल्टी मंगळवारची हाय. नोटीसचा कागद काढून ठेवा, सेठ दहाले ऑफिसात येऊन रायले."